झोपेचे औषध कमी केल्यावर व्हेंटिलेटर जास्त का वाजतो?

"आईला (वय ५७) न्यूमोनियामुळे लातूरला आयसीयूत व्हेंटिलेटरवर ठेवून आज सहावा दिवस आहे. पहिले तीन-चार दिवस मशीन शांत होतं, ती पण शांत झोपलेली होती. परवापासून झोपेचं औषध कमी केलंय म्हणतात, आणि तेव्हापासून मशीन सारखं वाजायलंय. ती खोकायलीय, हातपाय हलवायलीय, डोळ्यांतून पाणी येतंय, हात बांधून ठेवलेत. सिस्टर येतात, बटण दाबून आवाज बंद करतात आणि जातात. आई जास्त झालीय का? तिला परत झोपवा असं आम्ही डॉक्टरांना सांगावं का? गावाकडचे म्हणायलेत की माणूस गेल्यावर पण मशीनवर ठेवतात. ते खरं आहे का?"

मी भूलतज्ज्ञ आहे आणि गेली एकोणीस वर्षे मराठवाड्यातील अतिदक्षता विभागांत काम करते. तुमच्या आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्या प्रकृतीविषयी नेमके काय ते उपचार करणारे डॉक्टरच सांगू शकतील. परंतु तुम्ही जो क्रम लिहिला आहे, म्हणजे आधी शांतता, मग औषध कमी करणे आणि मग खोकला, हालचाल व वाढलेले आवाज, तो आम्ही बऱ्या होत असलेल्या रुग्णांमध्ये नेहमी पाहतो. केवळ मशीन जास्त वाजू लागले म्हणून आई जास्त झाल्या असे समजू नका, आणि त्यांना परत गाढ झोपवा असा आग्रहही धरू नका. असे का म्हणते, ते सविस्तर सांगते.

व्हेंटिलेटर फुप्फुसे बरी करत नाही. न्यूमोनिया प्रतिजैविकांनी आणि शरीराच्या स्वतःच्या शक्तीने बरा होतो, आणि त्याला लागणारे दिवस निघेपर्यंत श्वासाचे काम हे यंत्र करते. पूर्वी आमच्याकडील सरकारी रुग्णालयांत यंत्रे अपुरी असत, तेव्हा रुग्णाचा भाऊ किंवा मुलगा रात्रभर उशाशी बसून रबरी फुगा, म्हणजे अंबू बॅग, दाबत असलेला मी स्वतः पाहिला आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे हेच केले होते. व्हेंटिलेटर तेच काम करतो, फक्त न थकता आणि मोजून. तोंडातून आवाजाच्या पट्ट्यांच्या मधून श्वासनलिकेत एक नळी जाते, तिच्या टोकाजवळचा छोटा फुगा नळीच्या भोवतीची जागा बंद करतो, आणि यंत्र दर श्वासाला ठरलेली हवा आत ढकलते. नळी आवाजाच्या पट्ट्यांच्या मधून गेलेली असल्यामुळे रुग्ण पूर्ण शुद्धीवर असला तरी त्याच्या तोंडून आवाज निघत नाही. आई रडत आहेत पण आवाज येत नाही, हे पाहून घाबरू नका, त्याचे कारण हे आहे.

आता अलार्मचे पाहू. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत आम्ही यंत्राला काही सीमा आखून देतो. हवा आत ढकलताना नळीतील दाब इतक्याच्या वर जाऊ नये, बाहेर येणारी हवा इतक्याच्या खाली येऊ नये, श्वासांची संख्या इतकीच असावी. सीमा ओलांडली की आवाज होतो. ती का ओलांडली गेली हे यंत्राला कळत नाही, ते माणसानेच पाहावे लागते. दाबाची वरची सीमा पुष्कळदा पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या आसपास ठेवलेली असते, आणि नळी घातलेल्या माणसाने जोरात खोकले की दाब एका क्षणात त्याच्या वर जातो. गाढ झोपेच्या औषधाखाली खोकला दबलेला असतो, छाती यंत्राने दिलेली हवा मुकाट्याने घेते, म्हणून यंत्र शांत असते. औषध उतरले की रुग्ण स्वतःचा श्वास घेऊ लागतो, कफ जाणवू लागतो, खोकला येतो, नळी दातांत धरली जाते, आणि यंत्राची हवा आत येण्याच्या वेळीच रुग्ण हवा बाहेर सोडतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट अलार्म वाजवते. पहिल्या तीन-चार दिवसांची शांतता औषधाची होती. त्या दिवसांत आई आजच्यापेक्षा बऱ्या होत्या असा तिचा अर्थ नाही.

आवाजांचेही प्रकार असतात, आणि बाहेर बसलेल्याला थोडी सवय झाली की ते ओळखू येतात. अलीकडच्या बहुतेक यंत्रांत सर्वांत तातडीच्या सूचनेला लाल दिवा आणि पाच-पाच मिळून दहा ठोक्यांचा आवाज असतो, त्याखालच्या सूचनेला पिवळा दिवा आणि तीन ठोके, आणि नुसत्या माहितीला एक किंवा दोन ठोके. जुन्या यंत्रांत हे वेगळे असू शकते, म्हणून भेटीच्या वेळी सिस्टरांना एकदा विचारून घ्या. आणखी एक गोष्ट अशी की बाहेर ऐकू येणारा प्रत्येक आवाज व्हेंटिलेटरचा नसतो. सलाईन संपत आले की इंजेक्शनचा पंप वाजतो, शेजारच्या खाटेचा मॉनिटर वाजतो, आणि दाराबाहेर सतरंजीवर बसलेल्या माणसाला ते सगळे आपल्याच रुग्णाचे वाटते.

मॉनिटर म्हणजे खाटेच्या वर लावलेला, रंगीत रेषांचा पडदा. तो श्वास देत नाही, फक्त मोजतो, आणि त्याच्या मोजण्यात चुका होतात. बोटाला लावलेल्या चिमट्यातून SpO2 हा रक्तातील ऑक्सिजनचा आकडा येतो. हात गार पडला, बोट हलले, नखाला गडद नेलपॉलिश असले तर तो आकडा चुकतो. त्याच हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला असेल, तर पट्टा फुगताच बोटात रक्त जाणे थांबते, आकडा घसरतो किंवा नाहीसा होतो आणि मॉनिटर ओरडतो. अर्ध्या-पाऊण मिनिटात पट्टा सैल झाला की आकडा परत येतो. दर पंधरा मिनिटांनी नेमाने वाजणारा एक अलार्म पाहून 'आईचा श्वास दर पंधरा मिनिटांनी बंद पडतोय' असे मला एका मुलाने सांगितले होते. चिमटा दुसऱ्या हाताच्या बोटाला लावल्यावर तो अलार्म थांबला. छातीवरची एखादी चिकटपट्टी घामाने सुटली तर हृदयाची रेषा सपाट दिसते, परंतु त्याच वेळी बोटावरची लाट नीट चालू असते, आणि त्यावरून हृदय चालू असल्याचे कळते. एकाच रेषेवर विश्वास न ठेवता दोन वेगवेगळ्या रेषा एकमेकींशी जुळतात का, हे आम्ही पाहतो.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात पाच अतिदक्षता विभागांतील एका महिन्याचे मॉनिटरचे अलार्म मोजून २०१४ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दर खाटेमागे दिवसाला १८७ ऐकू येणारे अलार्म निघाले, आणि हृदयाच्या ठोक्यांच्या गडबडीचे जे अलार्म तज्ज्ञांनी एकेक करून तपासले, त्यांतील जवळपास ८९ टक्के खोटे ठरले. सिस्टर प्रत्येक आवाजाला धावत का येत नाहीत, याचे उत्तर बरेचसे या आकड्यांत आहे. त्याचबरोबर धोकाही त्यातच आहे, कारण दिवसभर खोटे आवाज ऐकणाऱ्या कानाला एखादा खरा आवाज निसटू शकतो. हे मी लपवणार नाही.

म्हणून बटण दाबण्याविषयी स्पष्ट सांगते. ते बटण अलार्म कायमचा बंद करत नाही. बहुतेक व्हेंटिलेटरवर त्याने आवाज साधारण दोन मिनिटे थांबतो, दिवा चालूच राहतो, आणि कारण दूर झाले नसेल तर आवाज पुन्हा सुरू होतो. सिस्टर बटण दाबण्याच्या आधी किंवा दाबता दाबता कुठे पाहतात, याकडे लक्ष द्या. अनुभवी सिस्टर आधी रुग्णाच्या छातीकडे पाहतात, मग नळीकडे, मग आकड्यांकडे, आणि हे सगळे पाच सेकंदांत होते. लांबून पाहणाऱ्याला त्यातले फक्त बटण दिसते. उलट, रुग्णाकडे मान न वळवताच कोणी बटण दाबून जात असेल आणि तोच आवाज लागोपाठ तीन-चार वेळा परत येत असेल, तर तुम्ही आवाज न चढवता जरूर सांगा, "सिस्टर, हाच आवाज चौथ्यांदा येतोय, एकदा आईकडे बघता का?" असे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि चांगल्या विभागात त्याचा कोणी राग मानत नाही.

फरक नीट कळावा म्हणून एका रात्रीचे उदाहरण देते. साठीच्या जवळचे एक शेतकरी न्यूमोनियामुळे आमच्याकडे व्हेंटिलेटरवर होते. उंची १६५ सेंटिमीटर होती, त्या हिशोबाने त्यांना दर श्वासाला ४०० मिलिलिटर हवा ठेवली होती. हवा वजनावर न ठरवता उंचीवर ठरवतो, कारण माणूस जाड झाला तरी फुप्फुसे मोठी होत नाहीत. चौथा दिवस होता, सकाळीच झोपेचे औषध कमी केले होते, आणि त्यांचा मुलगा काचेच्या दारापाशी उभा होता. नेहमीचा दाब २६ च्या आसपास होता. रात्री पावणेदोनला त्यांना खोकला आला, दाब ४४ वर गेला, अलार्म झाला, पाच-सहा सेकंदांत खोकला थांबला आणि दाब परत २६ वर आला. सिस्टरांनी छातीकडे पाहिले, आवाज बंद केला आणि त्या शेजारच्या खाटेकडे गेल्या. दहा मिनिटांनी पुन्हा तसेच झाले. मुलगा मला म्हणाला, "मॅडम, दोन बार मशीन वाजली, नुसतं बटण दाबून गेल्या, कुणी बघंना गेलंय."

सव्वादोनला तिसऱ्यांदा वाजले, आणि या वेळचे वेगळे होते. दाब खाली आलाच नाही, प्रत्येक श्वासाला ४० ची सीमा लागत होती. सीमा लागली की यंत्र तो श्वास तिथेच तोडते, म्हणून आत जाणारी हवा ४०० वरून २४० पर्यंत खाली आली होती. गंमत अशी नव्हे, पण समजून घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या क्षणी बोटावरचा आकडा ९५ होता, म्हणजे अगदी चांगला. फुप्फुसांत आणि रक्तात आधीचा थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो, तो संपू लागेपर्यंत SpO2 घसरत नाही. म्हणून व्हेंटिलेटरचा आवाज आधी येतो आणि मॉनिटरवरचा आकडा मागून उतरतो. मिनिटभरात तो ९१ झाला आणि नंतर ८७.

या वेळी सिस्टर बटणाकडे वळल्या नाहीत. त्यांनी आधी पूर्ण ऑक्सिजनची कळ दाबली, नळी दातांत अडकली आहे का आणि बाहेरची पाईप कुठे मुडपली आहे का ते पाहिले, आणि बारीक नळी आत घालून कफ ओढायला घेतला. पहिल्या वेळी काहीच आले नाही. मी स्टेथोस्कोप लावून छातीच्या दोन्ही बाजू ऐकल्या, कारण एका बाजूचा आवाज नाहीसा झाला असता तर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठल्याची शंका आली असती, आणि त्याचा उपाय अगदी वेगळा, म्हणजे छातीत नळी घालून ती हवा काढण्याचा आहे. दोन्ही बाजूंना हवा जात होती, पण कमी. दुसऱ्यांदा कफ ओढला तेव्हा चिकट, पिवळट तपकिरी, चिंचेच्या गोळ्यासारखा घट्ट कफ निघाला. पुढच्याच श्वासाला दाब २७ झाला, हवा ४०० झाली, आणि तीनेक मिनिटांत SpO2 ९६ वर गेला. तोही कफ निघाला नसता तर आतली नळीच काढून, अंबू बॅगेने श्वास देत नवीन नळी घालावी लागली असती.

मुलाने पहिल्या दोन वेळांना हलगर्जीपणा मानले आणि तिसऱ्या वेळी चौघे जण धावलेले पाहून वडील गेले असे समजून तो खालीच बसला. दोन्ही वेळा त्याची समजूत चुकली, आणि त्यात दोष त्याचा नव्हता. औषध कमी केल्यावर आवाज वाढतील, काही आपोआप थांबतील आणि काहींसाठी आम्ही धावू, एवढे सकाळीच सांगितले असते तर त्याची ती रात्र इतकी वाईट गेली नसती.

मग औषध कमी करायचेच कशाला, सगळे सुरळीत होईपर्यंत झोपू द्यावे, असे कोणालाही वाटेल. आम्हा डॉक्टरांनाही पूर्वी तसेच वाटे. सन २००० मध्ये शिकागोमधील डॉक्टरांनी १२८ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका गटाचे झोपेचे औषध रोज एकदा, रुग्ण जागा होईपर्यंत थांबवले जाई, आणि दुसऱ्या गटात ते डॉक्टरांच्या नेहमीच्या पद्धतीने चालू ठेवले होते. रोज थांबवलेल्या गटातील रुग्ण साधारण ४.९ दिवसांत व्हेंटिलेटरवरून निघाले, तर दुसऱ्या गटाला ७.३ दिवस लागले. त्याचे कारण समजायला सोपे आहे. गाढ झोपलेला माणूस स्वतः श्वास घेत नाही, खोकत नाही, त्यामुळे कफ साठतो, आणि न वापरलेले श्वासाचे स्नायू काही दिवसांतच दुबळे होतात. शिवाय मिडाझोलामसारखे औषध शरीरात साठते, मूत्रपिंड किंवा यकृत दुबळे असेल तर बंद केल्यावरही रुग्ण दोन-दोन दिवस जागा होत नाही. दुधासारखे पांढरे दिसणारे प्रोपोफॉल तुलनेने लवकर उतरते, म्हणून कोणते औषध चालू आहे हे विचारणे व्यर्थ नाही.

झोप किती हवी हे आम्ही अंदाजाने ठरवत नाही. त्यासाठी एक मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे जागा आणि शांत, उणे पाच म्हणजे हलवले तरी न उठणारा, आणि अधिक चार म्हणजे आवरता न येणारा. बहुतेक रुग्णांना आम्ही शून्य ते उणे दोन या टप्प्यात ठेवण्याचा प्रयत्न करतो, म्हणजे हाक मारली की डोळे उघडावेत आणि सोडले की डुलकी लागावी. तुम्ही डॉक्टरांना "परत झोपवा" असे सांगण्याऐवजी "दुखण्याचे औषध चालू आहे का, आणि आईची झोपेची पातळी आज किती आहे?" असे विचारा. झोपेचे औषध आणि दुखणे कमी करणारे औषध, उदाहरणार्थ फेंटानिल, ही दोन वेगळी आहेत. झोप कमी केली तरी दुखणे सहन करायला लावणे हा उपचाराचा भाग नाही. कपाळाला आठ्या, दात आवळणे, दर थोड्या वेळाने हात घशाकडे नेण्याची धडपड असे दिसले तर तसेच्या तसे सांगा.

हात बांधण्याविषयी तुम्हाला वाईट वाटले असेल, आणि ते वाटणे बरोबरच आहे. अर्धवट जाग असताना घशातील नळी ओढून काढणे ही सर्वांत साहजिक प्रतिक्रिया आहे, आणि ती नळी फुगा फुगवलेल्या अवस्थेतच ओढली गेली तर आवाजाच्या पट्ट्यांना इजा होते आणि श्वास धोक्यात येतो. तरीही बांधणे हा शेवटचा उपाय असावा, पट्टी मऊ असावी, तिच्याखाली दोन बोटे जावीत आणि दर काही तासांनी ती सोडून कातडी पाहिलेली असावी. भेटीच्या वेळेत तुम्ही स्वतः हात धरून बसणार असाल तर तेवढा वेळ पट्टी सोडता येईल का, हे विचारा. पुष्कळदा सिस्टर हो म्हणतात.

काही रुग्णांना मात्र गाढ झोपेतच ठेवावे लागते. फुप्फुसे फारच कडक झाली असतील, रुग्णाला पोटावर झोपवून उपचार चालू असतील, डोक्यातील दाब वाढला असेल किंवा फिट थांबत नसतील, तर तिथे जागे करण्याची घाई करत नाहीत. कधीकधी झोपेच्या औषधाबरोबर स्नायू ढिले करणारे औषधही देतात, आणि त्याविषयी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. पूर्वी ज्या रुग्णालयात मी काम करत होते तिथे एका तरुण बाईंना दुपारी हे औषध सुरू केले आणि नातेवाइकांना सांगायचे राहून गेले. संध्याकाळी नवरा आत आला. सकाळी बोटे हलवणारी बायको त्याला पूर्ण निश्चल दिसली, पापणीसुद्धा हलत नव्हती. तो बाहेर जाऊन म्हणाला की ती गेली आहे आणि हे लोक लपवत आहेत. तासाभरात गावाहून दोन जीप माणसे आली. त्या औषधाने डोळ्यांची बाहुली सोडून शरीरातील हालचालीचे जवळपास सगळे स्नायू थांबतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मी त्याला आत नेऊन बॅटरी लावून बाहुली आकसताना दाखवली, हृदयाची रेषा दाखवली, आणि लघवीच्या पिशवीत गेल्या तासाची लघवी किती वाढली ते दाखवले. बोलून जे पटले नसते ते त्या तीन गोष्टींनी पटले. तेव्हापासून ते औषध सुरू करण्याआधी मी स्वतः बाहेर येऊन सांगते.

गावाकडच्यांच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. माणूस गेल्यावर व्हेंटिलेटर बंद केला नाही तर छाती वरखाली होत राहील, हे खरे आहे, कारण यंत्र फक्त हवा ढकलते. पण हृदय थांबले की हृदयाची रेषा आणि बोटावरची लाट दोन्ही सपाट होतात, रक्तदाब लागत नाही, लघवी तयार होत नाही, आणि काही तासांत शरीर गार पडून ताठ होऊ लागते. व्हेंटिलेटर यातले काहीही लपवू शकत नाही, त्यामुळे गेलेल्या माणसाला दिवसेंदिवस मशीनवर 'ठेवणे' शक्य नाही. एक अवस्था मात्र खरोखर गोंधळात टाकणारी असते, ती म्हणजे मेंदूच्या मुळाचा मृत्यू. त्यात यंत्राच्या ऑक्सिजनवर हृदय काही काळ चालू राहते, पण स्वतःचा श्वास, बाहुलीची हालचाल आणि खोकला कायमचे गेलेले असतात. अवयवदानाच्या संदर्भात तो जाहीर करण्यासाठी १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात चार डॉक्टरांचे मंडळ आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी अशी पद्धत ठरलेली आहे. तुमच्या आई खोकत आहेत, हातपाय हलवत आहेत. ज्या खोकल्याने मशीन वाजते, तोच खोकला ही शंका पूर्णपणे दूर करतो.

आई सुधारत आहेत की नाही हे आवाजांवरून न मोजता रोजच्या दोन-तीन आकड्यांवरून पाहा, आणि ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. व्हेंटिलेटरच्या पडद्यावर FiO2 म्हणजे दिल्या जाणाऱ्या हवेतील ऑक्सिजनचे टक्के. बाहेरच्या हवेत तो २१ असतो. PEEP म्हणजे फुप्फुसे मिटू नयेत म्हणून श्वासाच्या शेवटी राखलेला दाब. पहिल्या दिवशी ८० टक्के आणि १० असलेले हे आकडे आज ४० आणि ६ वर आले असतील, रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा वेग उतरत असेल आणि लघवी नीट होत असेल, तर वाजणारे मशीन तुम्ही सहन करावे. हेच आकडे दोन दिवस उलट वर चढत असतील, तर मशीन शांत असले तरी डॉक्टरांशी वेळ घेऊन बोलावे. एका तासाच्या आकड्यावर काही ठरवू नका, कारण कफ काढताना किंवा कूस बदलताना ते तात्पुरते बिघडतातच.

भेटीला जाल तेव्हा त्यांचा चष्मा आणि कानाचे यंत्र असेल तर सिस्टरांना विचारून सोबत न्या. अर्धवट जाग असताना कित्येकांना भास होतात, रात्र आहे की दिवस ते कळत नाही, कोणी आपल्याला डांबून ठेवले आहे असे वाटते. चष्म्याशिवाय ते आणखी वाढते. जवळ जाऊन नेहमीच्या हाकेने हाक मारा, आज कोणता वार आहे, त्या कुठे आहेत आणि घशात नळी असल्यामुळे बोलता येत नाही हे सांगा, आणि हो किंवा नाही एवढेच उत्तर लागेल असे विचारा, म्हणजे त्या बोट दाबून सांगू शकतील. त्या बोलू पाहतील, खोकला येईल आणि तुमच्यासमोरच मशीन वाजेल. हात न सोडता एक पाऊल बाजूला व्हा, म्हणजे सिस्टरांना नळीपर्यंत पोहोचता येईल.

आणि एक दिवस डॉक्टर सांगतील की आज व्हेंटिलेटरचा आधार अगदी कमी करून त्यांना स्वतः श्वास घेऊन पाहायला लावणार आहोत. ही चाचणी अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत चालते. झोपेचे औषध त्या वेळी बंद किंवा नाममात्र असते, श्वास जलद होतो, नाडी वाढते, आणि त्या तासात सबंध आठवड्यात वाजले नसेल इतके मशीन वाजू शकते. श्वास मिनिटाला ३५ च्या वर जाऊन तिथेच राहिला, SpO2 ९० च्या खाली गेला किंवा त्या फार दमल्या, तर चाचणी थांबवून आधार परत वाढवतात, आणि बहुधा दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहतात. पहिल्या चाचणीत न जमणे हे नेहमीचेच आहे. त्या दिवशी कोणीतरी एकाने, शक्यतो ज्याचा आवाज त्या सर्वांत चांगला ओळखतात त्याने, सकाळपासून दाराजवळ थांबावे, कारण चाचणी चालू असताना त्यांना हळू श्वास घ्यायला सांगण्यासाठी आम्ही पुष्कळदा घरच्याच माणसाला आत बोलावतो.